‘पासवर्ड पाठवा, बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नवी वेबसाइट सुरू करण्याआधी मी ग्राहकाला एक निरोप पाठवतो. डोमेन कुठून घेतलं आहे, त्याचा डीएनएस कुठून चालतो आणि त्यातलं काय मला उघडून हवं आहे, एवढंच त्यात असतं. या निरोपावर आमच्याच धंद्यातले लोक हसतात. वणी-पांढरकवडा पट्ट्यात बरीच वर्षं वेबसाइट करून देणाऱ्या एका सहकाऱ्यानं मला मनापासून समजावलं. मुकुटबनसारख्या गावात, जिथं ग्राहक एकतर जिनिंगवाला असतो नाहीतर कोळसा-सिमेंटची वाहतूक करणारा, तिथं असली यादी पाठवणं म्हणजे गिऱ्हाईक बिथरवणं, असं त्याचं मत. त्याची पद्धत सोपी आहे: पासवर्ड मागून घ्यायचा, नेमसर्व्हर आपल्या होस्टिंगचे टाकायचे आणि ‘अठ्ठेचाळीस तासांत साइट दिसेल’ असं सांगून मोकळं व्हायचं. डोमेन नवं असेल तर ते आपल्याच खात्यात घ्यायचं, म्हणजे नूतनीकरणाची आठवण ग्राहकाला ठेवावी लागत नाही.

यातला एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. बहुतेक याद्या वाईटच असतात. इंग्रजी नमुन्यावरून उचललेल्या वीस-पंचवीस ओळी, त्यात ज्याचा या साइटशी संबंध नाही असलंही काहीबाही. ती वाचून कुठलाही शहाणा व्यापारी म्हणेल, “भाऊ, एवढी यादी कायले पाहिजे? पासवर्ड घे अन् कर ना.” तो चिडला तर चूक त्याची नाही. पण यादी वाईट लिहिली जाते, हे यादी नको म्हणण्याचं कारण होत नाही. ती यादी का लागते हे सहकाऱ्याला माहीत नाही, असंही मी म्हणणार नाही. त्याला माहीत आहे. काही बिघडलंच तर ते आपल्यावर येत नाही, हेही त्याला माहीत आहे. माझा आक्षेप तिथं आहे.

मुकुटबनच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या साइटचं उदाहरण घेतो. नाव देत नाही. डोमेनच्या जागी example.com आणि पत्त्यांच्या जागी नमुन्याचे आकडे घातले आहेत. जुनी साइट एका साध्या शेअर्ड होस्टिंगवर होती आणि ऑफिसचा ईमेलही त्याच होस्टिंगवर. गाठींचे आणि सरकीचे भाव विचारणारे व्यापारी, बँक, सीए, सगळे त्याच ईमेलवर लिहीत. नवी साइट वेगळ्या सर्व्हरवर जाणार होती, ईमेल मात्र होता तिथंच राहणार होता. हंगाम तोंडावर आलेला. सहकाऱ्याच्या हिशेबानं हे तासाभराचं काम.

झोन उघडल्यावर त्यात हे दिसलं:

```
example.com.       14400  IN  A      192.0.2.10
example.com.       14400  IN  AAAA   2001:db8::10
www.example.com.   14400  IN  CNAME  example.com.
mail.example.com.  14400  IN  CNAME  example.com.
example.com.       14400  IN  MX     0 example.com.
```

पाचच ओळी. पहिली ओळ सांगते की डोमेन कुठल्या सर्व्हरवर आहे. साइट हलवायची म्हणजे ही ओळ बदलायची, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण शेवटची ओळ पाहा. MX म्हणजे डाक कुठं टाकायची त्याचा पत्ता, आणि इथं तो पत्ता खुद्द example.com हाच आहे. सीपॅनेलवरच्या होस्टिंगमध्ये मुळात असंच असतं. म्हणजे पहिल्या ओळीतला आकडा नव्या सर्व्हरचा केला की त्याच क्षणी डाकही नव्या सर्व्हरकडे वळते, आणि तिथं ती घ्यायला कोणी नाही. MX च्या ओळीला कोणी हात लावलेला नसतो, म्हणून ‘आम्ही ईमेलला काही केलंच नाही’ असं शपथेवर सांगता येतं. चौथ्या ओळीतलं `mail` हे नावही पहिल्याकडेच बोट दाखवतं, त्यामुळे ऑफिसातलं आउटलुक आणि मालकाच्या फोनवरचं मेल, दोन्ही जुन्या पेटीपर्यंत पोचत नाहीत.

यात वाईट हे की बिघाड लगेच कळत नाही. नव्या सर्व्हरवर डाक घेणारं काहीच चालू नसेल, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र परत करत नाही; ते रांगेत ठेवून पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, आणि बहुतेक सर्व्हर चार-पाच दिवस हे करत राहतात. तोवर व्यापाऱ्याला वाटतं, जिनिंगवाला उत्तर देत नाही. जिनिंगवाल्याला वाटतं, यंदा चौकशी थंड आहे. ओळखण्याची सोपी खूण अशी: पेटीत नेहमीचा कचरा-मेलही येईनासा होतो. ज्या ईमेलवर दिवसाला दहा फालतू जाहिराती येतात, तिथं अख्खा दिवस एकही आली नाही, तर MX तपासावा.

उपाय अवघड नाही, पण तो आधी करावा लागतो. `mail` या नावाची CNAME काढून त्याला स्वतःची A नोंद द्यायची आणि ती जुन्याच सर्व्हरच्या पत्त्यावर, 192.0.2.10 वर, खिळवायची. मग MX चा पत्ता example.com ऐवजी mail.example.com करायचा. एक दिवस जाऊ द्यायचा आणि डाक नीट येते का ते पाहायचं. त्यानंतरच साइटची पहिली ओळ हलवायची. हा क्रम उलटा केला तर मधली पत्रं अडकतात. आणि क्रम ठरवायचा तर झोन आधी पाहायला मिळाला पाहिजे. सुरू करण्याच्या दिवशी संध्याकाळी पासवर्ड हातात आला तर क्रम उरतच नाही.

दुसरी ओळ त्याहून फसवी. AAAA म्हणजे त्याच सर्व्हरचा आयपीव्ही6 पत्ता. A बदलली आणि AAAA तशीच राहिली, तर ज्याच्या इंटरनेटवर आयपीव्ही6 चालतं त्याला जुनी साइट दिसते आणि ज्याच्याकडे नाही त्याला नवी. आपल्याकडे जिओचं मोबाइल नेटवर्क आयपीव्ही6 वर चालतं. तेव्हा काम करणारा आपल्या ऑफिसातल्या ब्रॉडबँडवर नवी साइट पाहून खूश असतो आणि मालक कारखान्याच्या अंगणात उभा राहून जिओच्या फोनवर जुनीच साइट पाहत ओरडत असतो. दोघेही खरं बोलत असतात. मग ‘कॅशे क्लिअर करा’, ‘थोडं थांबा, प्रोपगेशन चालू आहे’ असले मंत्र सुरू होतात. दोन दिवस थांबलं तरी काही होत नाही, कारण ती ओळ आपोआप बदलत नसते. फार तर जुनं होस्टिंग बंद झाल्यावर त्या फोनवर साइट उघडेनाशी होते. सुरक्षा प्रमाणपत्रही इथंच अडू शकतं: लेट्स एन्क्रिप्ट डोमेनची खात्री करायला आधी आयपीव्ही6 चा पत्ता पाहतं, तिथं जुना सर्व्हर उत्तर देतो आणि नव्या सर्व्हरला प्रमाणपत्र मिळत नाही. तपासायला ही एक आज्ञा पुरते:

```
dig +short AAAA example.com
```

काही उत्तर आलं आणि ते नव्या सर्व्हरचं नसलं, तर ती नोंद काढून टाकायची किंवा बदलायची.

सहकाऱ्याचं यावर उत्तर तयार असतं. ‘हे सगळं बाहेरून बघता येतं की! मग ग्राहकाकडे कशाला मागायचं?’ वरच्या पाच ओळी बाहेरून दिसतात, खरं आहे. पण बाहेरून दिसतं ते फक्त तुम्ही नाव घेऊन विचाराल तेवढंच. अख्खा झोन एकदम द्या असं म्हटलं तर कुठलाही नीट लावलेला सर्व्हर नकार देतो, आणि ‘ANY’ म्हणून विचारलं तरी सगळं मिळेलच याची हमी नाही. डीकेआयएम या ईमेलच्या सहीची नोंद ज्या नावाखाली असते, ते नाव ईमेल देणारी कंपनी ठरवते किंवा कधी तरी कुणी तरी हातानं टाकलेलं असतं. ते ठाऊक नसेल तर विचारणार काय? बिलिंगच्या सॉफ्टवेअरसाठी केलेलं सबडोमेन, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग घरून पाहता यावं म्हणून कुणा भाच्यानं लावलेलं सबडोमेन, ही बाहेरच्या माणसाला अंदाजानं सापडत नाहीत. म्हणून झोनची पूर्ण प्रत मागायची. बहुतेक ठिकाणी ती एका बटणावर फाइल म्हणून निघते. नाही निघाली तर पडद्याचे फोटोही चालतात.

आता ‘नेमसर्व्हर आपले टाकून मोकळं व्हा’ या सल्ल्याकडे येतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्यानंच होतं. नेमसर्व्हर बदलणं म्हणजे एक ओळ दुरुस्त करणं नाही, अख्खं नोंदणी-पुस्तक बदलणं आहे. नव्या होस्टिंगकडे तुमच्या डोमेनचं जे पुस्तक तयार होतं, त्यात त्यांच्या नेहमीच्या नोंदी असतात. तुमच्या जुन्या नोंदी कोणी हातानं उतरवल्या नाहीत तर त्या नाहीतच. ईमेल गूगलकडे किंवा झोहोकडे असेल तर MX गेला, एसपीएफ गेला, डीकेआयएम गेला. MX गेल्यावर निदान आरडाओरडा होतो. डीकेआयएम गेल्यावर पत्रं जात राहतात, पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडू लागतात. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी किमान एक तरी मागतात. दोन्ही हरवलेल्या डोमेनवरून गेलेली पत्रं जीमेल सरळ परतही करू शकतं. डोमेनवर डीएनएसएसईसी चालू असेल आणि त्याची जुनी किल्ली रजिस्ट्रारकडे तशीच राहिली, तर अनेकांसाठी साइट आणि ईमेल दोन्ही उघडतच नाहीत.

परत फिरायचं म्हटलं तर? .com च्या डोमेनसाठी वरची रजिस्ट्री नेमसर्व्हरची नोंद 172800 सेकंदांच्या मुदतीनं देते. म्हणजे दोन दिवस. ज्यांच्या इंटरनेट कंपनीनं तुमचे चुकीचे नेमसर्व्हर नुकतेच लक्षात ठेवले, त्यांच्याकडे ते दोन दिवसांपर्यंत राहू शकतात. ‘अठ्ठेचाळीस तास लागतातच’ हे वाक्य इथून आलं. पण साइट हलवताना नेमसर्व्हरला हात लावायची गरजच नसते. A ची मुदत वर 14400 सेकंद, म्हणजे चार तास आहे. ती आदल्या दिवशी 300 करून ठेवली, तर सुरू करताना बदल पाच-दहा मिनिटांत सगळीकडे दिसतो आणि काही बिघडलं तर तितक्याच वेळात मागे येता येतं. मुदत आधी कमी करावी लागते हे मात्र विसरायचं नाही. बदलाच्या क्षणी 300 करून उपयोग नसतो, कारण लोकांकडे जुनी चार तासांची प्रत आधीच गेलेली असते. माझ्या यादीत ‘दोन दिवस आधी’ हे शब्द येतात ते यासाठी. तासाभराचं काम म्हणणाऱ्यांची परतीची वाट दोन दिवसांची आणि यादीवाल्याची पाच मिनिटांची, हा हिशेब सहकाऱ्यानं एकदा मांडून बघावा.

पासवर्डचा मुद्दा तर मला चीड आणतो. रजिस्ट्रारच्या खात्याचा पासवर्ड म्हणजे डीएनएसची परवानगी नव्हे. त्यानं डोमेन दुसऱ्याच्या नावावर करता येतं, कुलूप काढून हस्तांतराचा कोड घेता येतो, त्याच खात्यातली इतर डोमेनं आणि जतन केलेलं कार्डही दिसतं. गोडॅडीत डेलिगेट ॲक्सेसची सोय आहे. क्लाउडफ्लेअरवर एखाद्याला सदस्य म्हणून जोडून फक्त डीएनएसची भूमिका देता येते. ग्राहकानं माझा ईमेल टाकायचा, मी माझ्या खात्यातून आत जायचं, काम झाल्यावर त्यानं मला काढून टाकायचं. व्यवहारातही पासवर्डनं काम होत नाही. आत शिरताना ओटीपी मालकाच्या फोनवर जातो, मालक तेव्हा कापसाच्या गाड्या उतरवून घेत असतो, आणि तो आकडा मागायला आपण पाच वेळा फोन करतो. ओटीपी कुणाला सांगू नका असं बँका रोज ओरडून सांगतात. आपण मात्र त्याच माणसाला तो फोनवर सांगायची सवय लावतो. पुढं कुणी भामट्यानं ‘डोमेन कंपनीतून बोलतोय’ म्हणत ओटीपी मागितला, तर तो का नाही सांगणार?

डोमेन आपल्या खात्यात ठेवण्याची सोयही तशीच. हा ग्राहकाच्या सोयीचा विचार नाही, त्याला बांधून ठेवण्याचा आहे, हे आपण आपसात तरी कबूल करू. नोंदणीत रजिस्ट्रंट म्हणून ज्याचं नाव, डोमेन त्याचं. बोर्डावर, बिलावर, ट्रकच्या मागं ते नाव रंगवलेलं असलं तरी रजिस्ट्रारच्या लेखी तो पुरावा नाही. वेबसाइटवाल्यानं धंदा सोडला, नंबर बदलला, की मुदत संपल्याच्या सूचना कुणी न उघडणाऱ्या पेटीत जात राहतात. .com मध्ये मुदतीनंतर काही दिवसांची सवलत असते, मग तीस दिवस जास्तीचा दंड भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांनी ते नाव कुणालाही मोकळं. .in च्या नावांवरून वाद झालाच तर निक्सीची लवादाची वाट आहे, पण मुकुटबनच्या व्यापाऱ्यानं आपलंच नाव परत मिळवायला लवादाकडे जावं, ही वेळ आणणारा माणूस सोयीची भाषा कशी बोलू शकतो?

डोमेन कुणाच्या हातात हा प्रश्न फक्त मोठ्यांचा, असं कुणाला वाटत असेल तर बँकांकडे पाहावं. रिझर्व्ह बँकेनं 2025 मध्ये सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबरपर्यंत .bank.in वर जायला सांगितलं आणि त्याची नोंदणी एकट्या आयडीआरबीटीकडे दिली. त्यात तालुक्याच्या गावातल्या लहान नागरी सहकारी बँकाही आल्या. खोट्या नावांना आळा बसावा म्हणून नाव कोण देतो हेच बांधून टाकलं. आणि ज्या बँकेचं जुनं नाव कुणा तिऱ्हाइताच्या खात्यात पडलेलं असेल, तिला नव्या पत्त्याकडे ग्राहक वळवायलाही त्याच्याच दारात जावं लागतं.

मी पाठवतो तो निरोप असा. एवढ्यावर कुणी बिथरत असेल तर मला दाखवावं:

“भाऊ, नमस्कार. नवी साइट तयार आहे. सुरू करण्याच्या निदान दोन दिवस आधी एवढं लागेल. डोमेन ज्या कंपनीकडून घेतलं तिथं माझा ईमेल डेलिगेट म्हणून जोडा. पासवर्ड आणि ओटीपी मला पाठवू नका. तिथं डोमेन तुमच्या नावावर आहे का, मुदत कधी संपते आणि संपर्काला कुठला ईमेल आहे, याचा फोटो पाठवा. तुमचे नेमसर्व्हर जुन्या होस्टिंगचे दिसतात, म्हणून तिथलीही डीएनएस उघडायची परवानगी लागेल; डोमेनच्या कंपनीकडे नोंद बदलून काही होणार नाही. सगळ्या नोंदींची प्रत मी आधी काढून तुम्हालाही देईन. ऑफिसचा ईमेल कुठं चालतो आणि त्या नावावर आणखी काही चालतं का, बिलिंग किंवा कॅमेरे, ते सांगा. जुनं होस्टिंग मला विचारल्याशिवाय बंद करू नका. काम झालं की मला काढून टाका.”

यातलं संपर्काच्या ईमेलचं वाक्य लोकांना फुकटचं वाटतं. पण तो ईमेल त्याच डोमेनवरचा असेल, तर डोमेन बंद पडल्यावर ते सोडवण्याचं पत्र त्याच बंद पेटीत जातं. तिथं जीमेलसारखा वेगळा पत्ता हवा. नेमसर्व्हरचं वाक्यही असंच. डोमेन एका कंपनीचं आणि नेमसर्व्हर दुसरीचे असतील, तर पहिलीच्या पडद्यावर कितीही नोंदी बदला, जगाला त्या दिसत नाहीत. तासन्‌तास तिथं A बदलत बसलेले लोक मी पाहिले आहेत. कुठं बदलायचं ते ही एक आज्ञा सांगते:

```
dig +short NS example.com
```

हा निरोप मराठीत लिहावा, व्हॉट्सॲपवर मावेल एवढा असावा, आणि ज्या ग्राहकाला ते बटण सापडणार नाही त्याच्या ऑफिसात जाऊन, त्याच्याच संगणकावर, त्याच्याच हातानं ते करून घ्यावं. मुकुटबनहून वणी काही परदेश नाही. सहकाऱ्याला माझी एवढीच विनंती आहे: पुढच्या साइटला नेमसर्व्हर बदलण्याआधी एकदा जुना झोन उघडून MX ची ओळ वाच, आणि ज्यांची डोमेनं तुझ्या खात्यात आहेत, ती या हंगामाच्या आत त्यांच्या नावावर करून दे.